पहिलं पुस्तक येतंय: घोषणेआधी सत्तावीस वाचक

बार्शी तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा पहिला कथासंग्रह आम्ही या जानेवारीत काढला. अकरा कथा, 168 पानं, डेमी आकार, किंमत 260 रुपये. हस्तलिखित मे 2025 मध्ये आमच्याकडे आलं आणि दुसऱ्याच दिवशी बाईंनी फेसबुकवर लिहून टाकलं, 'माझा पहिला कथासंग्रह लवकरच आपल्या भेटीला येत आहे.' दोन दिवसांत तीनशेच्या वर 'अभिनंदन' आणि तेवढेच पुष्पगुच्छ जमा झाले. पुस्तक छापून हातात यायला त्यानंतर आठ महिने लागले. तोवर त्या तीनशेंपैकी बऱ्याच जणांचा समज झाला होता की पुस्तक केव्हाच आलंय आणि आपलंच घ्यायचं राहिलंय. एका सहकारी शिक्षकांनी तर जानेवारीत विचारलं, "बाई, हे दुसरं का?"

मी एका छोट्या प्रकाशनाचं काम बघते. प्रूफं वाचण्यापासून पोस्टात रांग लावण्यापर्यंत सगळं. नव्या लेखकांचा एक घोळ मला दरवर्षी दिसतो. अभिनंदन करणारे आणि वाचणारे ही दोन वेगळी माणसं असतात, आणि आपण दोघांनाही एकाच पोस्टने बोलावायला जातो. घोषणा ही पहिल्यांसाठी असते. वाचकांना बोलावणं घरी जाऊन द्यायचं असतं, म्हणजे एकेकाला नावाने लिहायचं असतं. आणि ते घोषणेच्या आधी, बरंच आधी. बाईंच्या पुस्तकाचं दुसऱ्या खेपेला आम्ही जे केलं तेच इथे क्रमाने सांगते.

तारीख कधी जाहीर करायची

छापखान्याने बांधणीची तारीख दिल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. 'लवकरच' तर लिहूच नका. त्याआधी चार गोष्टी हातात हव्यात: दुसरं प्रूफ तपासून झालेलं, मुखपृष्ठ पक्कं, किंमत ठरलेली आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मिळालेला. आयएसबीएन आपल्याकडे राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून मिळतो, ऑनलाइन अर्ज करून, आणि त्याला पैसे पडत नाहीत. प्रकाशक असेल तर तो अर्ज करतो, स्वतःच पुस्तक काढत असाल तर लेखक म्हणून तुम्हालाही करता येतो. नंबर दोन दिवसांत हातात येईल असं धरून चालू नका. आणि 'लगेच काढून देतो, इतके हजार द्या' म्हणणारा कुणी भेटला तर पुढच्या गल्लीने जा.

छापखान्याचं आणखी एक. गणपती झाले की दिवाळीपर्यंत छापखान्यांत दिवाळी अंकांची झुंबड असते. त्या दिवसांत तुमच्या पाचशे प्रती मशीनवर चढायच्या म्हणजे कुणाच्या तरी अंकाच्या मागे. म्हणून आम्ही दिवाळीनंतरचा काळ धरला. प्रकाशन 11 जानेवारी 2026, रविवार. डिसेंबरचा शेवटचा आठवडा मुद्दाम टाळला. राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार पुस्तकाच्या प्रकाशनवर्षाप्रमाणे दिले जातात आणि त्यात पहिल्या पुस्तकांसाठी 'प्रथम प्रकाशन' असा वेगळा गट असतो. 28 डिसेंबरची तारीख पडलेलं पुस्तक मागच्या वर्षात जमा होतं आणि प्रवेशिका भरायला हातात फार दिवस उरत नाहीत. जानेवारीतलं पुस्तक असेल तर वर्षभर सवड मिळते.

चाळीस नावांची यादी

आता खरं काम. एक कागद घ्या आणि चाळीस नावं लिहा. सख्खे नातेवाईक, शाळेचा ग्रुप, ऑफिसातले लोक या यादीत नकोत. त्यांना घोषणेच्या दिवशी बोलवा, ती माणसं पुस्तक विकतही घेतील. या यादीत असा माणूस हवा, ज्याने गेल्या वर्षभरात तुमच्या प्रकारची निदान चार-पाच पुस्तकं वाचली आहेत आणि जो तुमचं मन राखायला बांधील नाही.

बाईंची पहिली यादी आली तेव्हा तिच्यात तीन माजी मुख्याध्यापक, एक नगरसेवक आणि दोन नामवंत साहित्यिक होते. नामवंतांकडे दर आठवड्याला अशी पुस्तकं येऊन पडतात, त्यांच्याकडून तीन आठवड्यांत उत्तर येणं कठीण. नगरसेवकांना व्यासपीठावर बोलवा.

मग आम्ही यादी दुसऱ्या बाजूने केली. कथा बार्शी-वैराग भागातल्या, संवाद तिथल्या बोलीत. म्हणून आठ नावं त्याच भागातल्या वाचकांची, म्हणजे बोली खोटी वाटली तर त्यांच्या कानाला लगेच खटकेल. आठ नावं त्या भागाशी काहीच संबंध नसलेल्यांची, कोकण, नागपूर, गोवा इथली. त्यांना बोली कळते का, की प्रत्येक पानावर अडखळायला होतं, ते कळायला हवं होतं. सहा ग्रंथपाल, तालुक्याच्या आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयांतले. नव्या लेखकांना ही मंडळी सुचतच नाहीत याचं मला नेहमी नवल वाटतं. कोण काय घेऊन जातं आणि अर्ध्यात परत आणून देतं हे ग्रंथपालाइतकं कुणाला ठाऊक नसतं. दहा जण असे, जे आपापल्या फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर वाचलेल्या पुस्तकांबद्दल नियमित आणि सविस्तर लिहितात. चार मराठीचे प्राध्यापक. आणि चार परदेशातले मराठी वाचक, ज्यांना छापील प्रत पाठवणं परवडणारं नव्हतं.

सविस्तर लिहिणारे निवडताना त्यांच्या मागच्या पाच नोंदी वाचा. पाचही पुस्तकं 'अप्रतिम, चुकवू नये अशी' असतील, तर त्या माणसाच्या सहाव्या 'अप्रतिम'ला कुणी विचारणार नाही. एखाद्या पुस्तकाबद्दल 'मधली साठ पानं रेंगाळतात' असं ज्याने लिहिलंय, त्याचं नाव आधी लिहा.

बोलावण्याचं पत्र

बाईंनी आधी केलेला मसुदा असा होता: 'आदरणीय महोदय, माझ्या अल्पशा लेखनप्रपंचास आपला परीसस्पर्श लाभावा व आपले चार कौतुकाचे शब्द मिळावेत ही नम्र विनंती.' यात पुस्तक कसलं आहे हे नाही, किती पानांचं आहे हे नाही, कधीपर्यंत वाचायचं हे नाही. उलट कौतुक करायचं आहे हे मात्र आधीच सांगून टाकलंय. वाचणाऱ्याला वाटतं, नाही आवडलं तर काय लिहू? मग तो उत्तरच देत नाही.

शेवटी गेलेलं पत्र हे:

> सप्रेम नमस्कार.
> मी बार्शी तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. माझा पहिला कथासंग्रह 11 जानेवारीला प्रकाशित होतो आहे. अकरा कथा आहेत, 168 पानं. बहुतेक कथा ऊसतोडीला जाणाऱ्या आणि मागे राहणाऱ्या घरांमधल्या आहेत. संवाद आमच्याकडच्या बोलीत आहेत.
> मेंढपाळांवरच्या पुस्तकाबद्दल तुम्ही जूनमध्ये लिहिलं होतं, बोली समजायला पहिली वीस पानं लागली असं. म्हणून तुम्हाला विचारावंसं वाटलं.
> छपाईआधीची एक प्रत तुम्हाला पाठवू का? 15 डिसेंबरपर्यंत वाचून जे वाटलं ते मला कळवाल का? न आवडलेलंही सांगा. अजून दुरुस्ती करता येईल, म्हणूनच आत्ता विचारते आहे. पुढे याबद्दल कुठे लिहावंसं वाटलं तर 11 जानेवारीनंतर जरूर लिहा. नाही लिहिलं तरी काही हरकत नाही.
> सध्या वेळ नसेल तर 'नाही जमणार' एवढं कळवलंत तरी पुरे.

मधला जो परिच्छेद आहे, 'तुम्ही जूनमध्ये लिहिलं होतं', तो चाळीस पत्रांत चाळीस वेगळे होते. तेवढ्यासाठी बाईंच्या तीन संध्याकाळी गेल्या. बाकीचं पत्र तेच ठेवलं तरी चालतं. आणि शेवटचं वाक्य काढू नका. नकाराची वाट मोकळी ठेवली की होकार देणारा मनापासून देतो.

पत्रं 8 नोव्हेंबरपासून चार दिवसांत गेली. व्हॉट्सअ‍ॅपवरच, पण प्रत्येकाला स्वतंत्र. चाळीसपैकी 27 जणांनी हो म्हटलं, सात जणांनी सरळ नाही कळवलं, सहा जण गप्प राहिले. गप्प राहिलेल्यांच्या मागे लागू नका.

प्रत कशी द्यायची

'पीडीएफ पाठवा की, फुकटात होतं' हा सल्ला सगळे देतात. फोनवर 168 पानांची पीडीएफ दोन बोटांनी मोठी करत, सरकवत वाचायची म्हणजे शिक्षा आहे. चौथ्या कथेनंतर माणूस सोडून देतो आणि तुम्हाला कळवतो, 'वाचतोय, छान आहे.' आम्ही डिजिटल छपाईवर 25 प्रती काढल्या. एक प्रत 140 रुपयांना पडली, म्हणजे सगळ्या मिळून 3,500. पाचशे प्रतींच्या ऑफसेट छपाईत एका प्रतीला याहून खूप कमी खर्च येतो, पण इथे आपल्याला पाचशे नकोच आहेत. चुका अजून दुरुस्त करता येतील अशा वेळी पंचवीसच हव्यात. त्यातल्या 23 वाचकांना गेल्या, एक बाईंकडे, एक माझ्या टेबलावर.

या प्रतींच्या मुखपृष्ठावर खाली 'अभिप्रायासाठी प्रत, विक्रीसाठी नाही' असं छापलं. आत पहिल्या कोऱ्या पानावर काय लिहायचं यावरून आमचा थोडा वाद झाला. बाईंना 'सस्नेह भेट' लिहायचं होतं. माझा अनुभव असा, की 'सस्नेह भेट' लिहिलेलं पुस्तक कपाटात जातं, तिथे त्याचा मान राखला जातो. 'अभिप्रायार्थ, 15 डिसेंबरपर्यंत' असं लिहिलेलं पुस्तक पलंगाशेजारी राहतं.

परदेशातल्या चौघांना मात्र पीडीएफच द्यावी लागली. तिथे एक भानगड झाली, ती नव्या लेखकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आमचं अक्षरजुळणीचं काम जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये झालं होतं. पडद्यावर पानं सुरेख दिसत होती. पण एका वाचकाने आवडलेल्या चार ओळी उचलून आपल्या टिपणात चिकटवल्या, तर तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ उमटली. त्याने बिचाऱ्याने त्या ओळी हाताने टंकल्या. दुसऱ्याने एवढी तसदी घेतली नसती, ओळी न देताच लिहिलं असतं. तुमची फाइल अशी आहे का ते कळायला अर्धं मिनिट लागतं: पीडीएफमधलं एक वाक्य उचला आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवून बघा. मराठी उमटलं तर ठीक. नाही उमटलं तर निदान एक कथा आणि प्रत्येक कथेतला एकेक चांगला परिच्छेद युनिकोडमध्ये वेगळा करून सोबत द्या. पीडीएफच्या प्रत्येक पानाखाली ज्याला दिली त्याचं नाव बारीक अक्षरांत घाला. त्याने गळती थांबते असं नाही, पण 'हे माझ्या नावाचं आहे' म्हणून माणूस पुढे ढकलताना थबकतो.

पोस्टाचं थोडक्यात. आमची प्रत पाकिटासकट अडीचशे ग्रॅमच्या आत होती. पोस्टाने मे 2025 पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं आहे, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये अधिक कर अशा दराने ते सुरू झालं. त्यात पाकिटाचा माग काढता येतो, मात्र ते जमिनीवरून जातं, वेळ लागतो. पाकिटावर तसं लिहावं लागतं आणि जाहिराती असलेली छपाई त्यात चालत नाही. खिडकीवर पुस्तक उघडं दाखवून आधी विचारा, मग पाकीट बंद करा. आम्ही 23 पाकिटं घरून चिकटवून नेली होती आणि त्यातली दोन तिथेच फाडून दाखवावी लागली.

तीन आठवडे आणि तीन प्रश्न

प्रती 24 नोव्हेंबरला गेल्या. प्रत्येक प्रतीत एक छोटी चिठ्ठी होती आणि तिच्यावर तीनच प्रश्न. कोणत्या पानावर पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं? कोणती कथा दुसऱ्याला सांगावीशी वाटली? कुठे काही चुकीचं किंवा न पटणारं दिसलं? 'कथानक, पात्रचित्रण, भाषाशैली यांवर गुण द्या' असे तक्ते काढू नका, ते भरताना माणूस परीक्षक होतो आणि वाचक राहत नाही.

15 डिसेंबरपर्यंत अकरा जणांचं उत्तर आलं. 16 तारखेला एकच आठवण पाठवली: 'शनिवारी फाइल छापखान्यात जाते आहे, त्याआधी काही सांगायचं असेल तर जरूर सांगा.' त्यावर आणखी सहा आले. उरलेले दहा आलेच नाहीत आणि आम्ही परत विचारलं नाही. नव्या लेखकाला या दहांचं फार लागतं. त्यांना आवडलं नसेल असं तो धरून बसतो. बहुतेक वेळा पुस्तक घरात कुणीतरी दुसरंच वाचत असतं, किंवा लग्नसराई असते.

सतरा जणांच्या उत्तरांत काय मिळालं? वैरागच्या एका वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी कळवलं की पान 43 वर जी 'आत्या' आहे ती पान 91 वर 'मावशी' झाली आहे. दोन प्रूफं बाईंनी वाचली होती, दोन मी वाचली होती, आणि ही बाई आम्हा दोघींच्या डोळ्यांदेखत माहेर बदलून गेली. तिघांनी एकाच कथेतला उचलीचा हिशेब जुळत नाही असं लिहिलं. मुकादमाकडून घेतलेली रक्कम एका ठिकाणी पन्नास हजार, पुढे फेडताना साठ. व्याज असेल म्हणून वाचक सोडून देईल असं बाईंना वाटत होतं. ऊसतोडीच्या गावातला वाचक हा आकडा सोडत नाही.

सगळ्यात जड अभिप्राय नागपूरच्या एका वाचकाचा होता. शेवटच्या दोन कथा एकाच कथेच्या दोन आवृत्त्या वाटतात, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग आम्ही बाकीची उत्तरं त्या दृष्टीने परत वाचली, तर आणखी चौघांनी शेवटच्या कथेपाशीच पुस्तक खाली ठेवलं होतं. कारण कुणी दिलं नव्हतं, पण पान तेच होतं. कथा काढली नाही. ती उचलून चौथ्या क्रमांकावर नेली, मध्ये सहा कथांचं अंतर पडलं. पानं तेवढीच राहिली, अनुक्रमणिका बदलली. एका वाचकाचं मत म्हणून मी हे केलं नसतं. पाच जण एकाच जागी अडखळले तर ती जागा बघायलाच हवी. आणि एकालाच खटकलेलं असेल, पण ते आत्या-मावशीसारखं खरोखर चुकलेलं असेल, तर एकानेच सांगितलं म्हणून थांबायचं नाही.

मग घोषणा

फाइल 20 डिसेंबरला छापखान्यात गेली आणि 21 तारखेला, रविवारी सकाळी, घोषणा केली. मजकूर एवढाच:

> माझा पहिला कथासंग्रह 11 जानेवारी 2026 रोजी प्रकाशित होतो आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या आणि मागे राहणाऱ्या घरांच्या अकरा कथा. 168 पानं, किंमत 260 रुपये. 10 जानेवारीपर्यंत प्रकाशनपूर्व सवलतीत 200 रुपये, टपालखर्चासह. खाली पहिल्या कथेची पहिली दोन पानं देते आहे, वाचून बघा. प्रत हवी असल्यास आधी फॉर्ममध्ये पत्ता भरा, मग पैसे पाठवा.

मुखपृष्ठाचं एक चित्र आणि दोन पानांचा मजकूर. ती दोन पानंच खरी घोषणा. लोक 'छान मुखपृष्ठ' म्हणून पुढे जातात, पण दोन पानं वाचली की काही जण थांबतात. ही पानं चित्र म्हणून नको, युनिकोड मजकूर म्हणून द्या, म्हणजे फोनवर वाचता येतात आणि पुढे पाठवता येतात.

'आधी पत्ता, मग पैसे' हे वाक्य आम्ही दुसऱ्या दिवशी घातलं. पहिल्या दिवशी क्यूआर कोड नुसताच दिला होता. संध्याकाळपर्यंत अठरा जणांचे पैसे आले आणि त्यातल्या सात जणांनी पाठवला होता फक्त पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट. नाव दिसतंय, पत्ता नाही. त्यांतल्या एकाचा पत्ता मिळवायला फेब्रुवारी उजाडला.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल. ब्रॉडकास्ट यादीत 256 जण घालता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून 'अडीचशे जणांना पाठवलं, पंधराच उत्तरं आली' यात लोकांचा दोष असेलच असं नाही. ज्या चाळीस जणांना पत्र लिहिलं होतं त्यांना ही घोषणा ब्रॉडकास्टने पाठवू नका. त्यांना दोन ओळी वेगळ्या लिहा. ग्रंथपालबाईंना आम्ही लिहिलं, 'तुमच्यामुळे आत्या आत्याच राहिली, 11 तारखेला छापील पुस्तक पाठवते.' हो, छापील दुरुस्त प्रत त्या सतरा जणांना परत द्यायची. ती मात्र 'सस्नेह भेट'.

अभिप्राय कुठे आणि कसे

ज्यांनी आधी वाचलंय त्यांना 11 जानेवारीच्या संध्याकाळी एकदाच कळवा की आता लिहायला हरकत नाही. सतरापैकी नऊ जणांनी जाहीरपणे लिहिलं, पैकी सहा फेसबुकवर. अ‍ॅमेझॉनवर पुस्तक ठेवणार असाल तर तिथले नियम आधी बघून घ्या. मोफत प्रत देता येते, पण तिच्या बदल्यात परीक्षण मागता येत नाही. लेखकाच्या घरच्यांची आणि जवळच्या मित्रांची परीक्षणं चालत नाहीत, अ‍ॅमेझॉन ती काढून टाकतं. परीक्षण लिहिणाऱ्याच्या खात्यावर काही किमान खरेदी झालेली असावी लागते, म्हणून तुमच्या मावसभावाने काल उघडलेलं खातं तसंही उपयोगाचं नाही. पुस्तक निघण्याआधी तिथे परीक्षण टाकता येत नाही, गुडरीड्सवर मात्र आधी वाचलेल्याला लिहिता येतं.

प्रत मोफत मिळाली असेल तर वाचकाने तसं लिहावं, हे तुम्हीच त्याला सुचवा. 'लेखिकेने छपाईआधी वाचायला दिलेल्या प्रतीवरून' एवढं पहिल्या ओळीत पुरतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे नियमही शिफारस करणाऱ्याने फुकट मिळालेली वस्तू लपवू नये असंच सांगतात. बाईंना वाटलं होतं त्याने अभिप्रायाचं वजन कमी होईल. उलट, असं लिहून मग ज्याने एक कथा फसली म्हटलंय, त्याच्या बाकीच्या कौतुकावर लोक विश्वास ठेवतात.

अभिप्रायातली ओळ मलपृष्ठावर किंवा जाहिरातीत वापरायची असेल तर लिहिणाऱ्याला विचारा आणि जशी वापरणार तशी ओळ त्याला दाखवा. 'भाषा अस्सल, पण शेवट घाईचे' यातलं 'भाषा अस्सल' एवढंच उचललं की तो वाचक पुन्हा तुमचं पुस्तक हातात घेत नाही. न आवडल्याच्या अभिप्रायाखाली उत्तर लिहू नका. फार तर आभार. भावाला किंवा विद्यार्थ्याला उत्तर द्यायला लावणं त्याहून वाईट, मराठीत हे सगळ्यांना ओळखू येतं.

वर्तमानपत्रं आणि मासिकं यांचा रस्ता वेगळा. रविवारच्या पुरवण्या आणि वाङ्मयीन नियतकालिकं साधारणपणे परीक्षणासाठी दोन प्रती मागतात. सोबत अर्ध्या पानाचं पत्र ठेवा: पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत, आणि विषय दोन ओळींत. पत्रात प्रशंसा नको. बहुतेक वेळा आधी 'साभार पोच' या सदरात नुसतं नाव येतं, परीक्षण आलंच तर काही महिन्यांनी येतं. साभार पोच आली की कात्रण काढून ठेवा, पण पुन्हा फोन करून 'परीक्षण कधी' असं विचारू नका.

प्रकाशनानंतर एक कायद्याचं काम राहतं. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने 30 दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतःच पुस्तक काढलं असेल तर प्रकाशक तुम्हीच. पाचशेचा हिशेब करताना या प्रती, सतरा भेटीच्या आणि वर्तमानपत्रांच्या दोन-दोन अशा सगळ्या आधीच बाजूला काढा. आमच्या त्या पाचशेतल्या 46 प्रती विक्रीला गेल्याच नाहीत.

माझ्या टेबलावरची पंचविसावी प्रत अजून तिथेच आहे. तिच्यात आता दुसऱ्या आवृत्तीसाठी खुणा करते. पाचशे प्रती छापून झाल्यावर पान 112 वर एक 'नव्हता' सापडला आहे, तिथे 'नव्हती' हवं. सतरापैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.